बाहेरून मॅनेजर आणला, टीम मात्र घरच्याच माणसाची वाट बघत होती. आता पुढे काय?

चाकण_एचआर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी प्लांट एचआर बघते. (नाव कृपया विचारू नका, अंदाजही बांधू नका.) आमचे क्वालिटी हेड फेब्रुवारीत निवृत्त झाले. तेव्हापासून विभाग सांभाळतायत ते त्यांच्या हाताखालचे सर्वांत जुने इंजिनिअर. त्यांना इथे अण्णा म्हणू. डिप्लोमावाले, सगळी नोकरी याच प्लांटमध्ये. आमच्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाकडच्या लोकांशी त्यांचा घरोबा आहे. सगळे त्यांना 'इन-चार्ज' म्हणतात, पण तसं पत्र कधी निघालं नाही, भत्ताही नाही.

आता बाहेरून क्वालिटी मॅनेजर घेतलाय. कारण खरं आहे: पुढच्या वर्षी एका जर्मन ग्राहकाचं इलेक्ट्रिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम सुरू होतंय आणि त्यांचं व्हीडीए पद्धतीचं प्रोसेस ऑडिट आधी पास व्हावं लागेल. नवीन साहेबांनी अशी ऑडिट दिलेली आहेत. अण्णांनी नाहीत.

अण्णांचा इंटरव्ह्यू झाला का? प्लांट हेडनी चहा पिताना विचारलं, "तुम्हाला इंटरेस्ट आहे ना?" अण्णा हो म्हणाले. एवढंच.

नवीन साहेब पंधरवड्यात जॉईन होतायत. कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना माहीत आहे, अण्णांना मात्र अधिकृतपणे कुणीच काही बोललेलं नाही. प्लांट हेड म्हणतात, "तो मॅनेजर आहे, येऊन सांभाळून घेईल." मला तसं वाटत नाही. जॉईन होण्याआधी आणि पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं, आणि कुठल्या क्रमाने?

---

पेठी_पुणेकर

क्रम सोपा आहे. आधी घरच्या माणसाला बढती द्यायची, मग धागा काढायची वेळच येत नाही.

गंमत सोडा. व्हार्टनच्या मॅथ्यू बिडवेल यांचा २०११ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. बाहेरून घेतलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पगार, आणि पहिली दोन वर्षं कामगिरीचे शेरे मात्र कमी. म्हणजे तुमच्या प्लांट हेडनी जास्त पैसे मोजून कमी माल घेतलाय. हा कागद त्यांच्या टेबलावर ठेवा.

---

कांदेपोहे_कोथरूड

ताई, धीर सोडू नका! इतकी वर्षं नोकरी करून डावललं जाणं फार वाईट. पण रागाच्या भरात राजीनामा देऊ नका. आधी दुसरी ऑफर हातात घ्या, नोटीस पिरियड किती आहे बघा, ग्रॅच्युइटीचा हिशोब करून ठेवा. माझ्या मेव्हण्याने नुसत्या तिरमिरीत पेपर टाकला आणि पुढे चार महिने घरी बसला.

---

चाकण_एचआर

@कांदेपोहे_कोथरूड, मला डावललेलं नाही हो, मी एचआर आहे. पण हाच सल्ला अण्णांना कुणीतरी देत असणार, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

@पेठी_पुणेकर, ऑफर लेटर गेलंय, त्या माणसाने तिकडे राजीनामा दिलाय. तो प्रश्न आता उरला नाही.

---

भोसरीचे_आजोबा

भोसरी आणि चाकण धरून तीसेक वर्षं कारखान्यांत काढली, शेवटची काही प्लांट हेड म्हणून. जरा सविस्तर लिहितो.

पेठीकरांनी सांगितलेला अभ्यास चांगला आहे, पण तो अमेरिकेतल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेतला आहे. माणूस घ्यायचा की नाही हे ठरवताना त्याचा विचार करावा. माणूस घेऊन झाल्यावर त्यातून काही हाती लागत नाही.

ताई, पहिली गोष्ट. अण्णांना सांगायचं काम तुमचं नाही, नवीन माणसाचं तर नाहीच नाही. ते प्लांट हेडचं आहे. आणि ते टीमला सांगण्याच्या निदान एक पूर्ण दिवस आधी व्हायला हवं. तुमच्याकडे गुरुवारची सुट्टी असेल तर बुधवारी दुपारी अण्णांना सांगा आणि टीमला शुक्रवारी सकाळी. मधला दिवस त्या माणसाला घरी बसून पचवायला मिळतो. बायकोशी बोलून होतं. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर एकदमच कळलं तर त्याला तिथेच चेहरा सांभाळत बसावं लागतं, आणि तो अपमान माणूस विसरत नाही. न मिळालेलं पद एक वेळ विसरेल.

दुसरं, कारण एकच सांगायचं, खरं सांगायचं, आणि पुन्हा विचारलं तरी तेच सांगायचं. "आम्हाला व्हीडीए ऑडिट दिलेला माणूस हवा होता, तो तुमच्यात तयार व्हायला दोन वर्षं लागली असती आणि आपल्याकडे एक आहे." हे ऐकायला कडू आहे, पण त्यावर माणूस विचार करू शकतो. याउलट "तुमचं कम्युनिकेशन जरा कमी पडतं", "मॅनेजमेंटचा निर्णय आहे", "तुम्ही तर आमचे आधारस्तंभ" ही तीन वाक्यं अजिबात नकोत. पहिल्यात त्याचा दोष काढला, दुसऱ्यात जबाबदारी झटकली, आणि तिसरं ऐकून त्याला कळतं की आपल्याला इथून हलू देणार नाहीत.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, पण त्याआधी एक विचारतो. रात्रपाळीत माल मापाबाहेर गेला तर सुपरवायझर फोन कुणाला करतो?

---

चाकण_एचआर

अण्णांना. नेहमीच. पूर्वीचे हेड असतानासुद्धा.

---

भोसरीचे_आजोबा

मग तुमच्या विभागाचे मॅनेजर आजही अण्णाच आहेत. नवीन साहेबांकडे फक्त पाटी असेल.

आयएटीएफच्या मानकातच आहे की माल थांबवायचा, लाईन बंद करायचा अधिकार कुणाकडे, हे ठरलेलं असलं पाहिजे आणि प्रत्येक पाळीत तसा माणूस हवा. प्रत्येक कंपनीत त्याचा कागद असतो. ऑडिटरला दाखवून झाला की तो कपाटात जातो, आणि खरा अधिकार ज्याचा नंबर सुपरवायझरला पाठ आहे त्याच्याकडे राहतो. तो कागद बाहेर काढा. साहेब येण्याआधी प्लांट हेड, तुम्ही आणि अण्णा असे तिघं बसा आणि तीन गोष्टी लिहा: डिस्पॅच कोण थांबवणार, मापाबाहेरचा माल चालवून घ्या अशी डेव्हिएशनची विनंती ग्राहकाकडे कुणाच्या सहीने जाणार, आणि ग्राहकाच्या पोर्टलवर तक्रार आली की पहिला मेल कुणाला येणार. प्रत्येकासमोर आज कोण, उद्यापासून कोण, आणि कुठल्या तारखेपासून. बास. यात अण्णांकडे काही गोष्टी कायमच्या राहिल्या तरी चालतील, उलट राहाव्यात. पण त्या लेखी राहाव्यात. "दोघं मिळून बघतील" असं एकाही ओळीत नको.

---

हिंजवडी_रिटर्न

मी आमच्या आयटी कंपनीतला अण्णा होतो, म्हणून लिहितोय.

पद न मिळाल्याचं दुःख झालंच. पण खरं झोंबलं ते पुढच्या आठवड्यात. डायरेक्टर म्हणाला, "तू सीनिअर आहेस, नवीन मॅनेजरला केटी दे, सेटल व्हायला मदत कर." म्हणजे ज्या कामाला मी लायक नाही असं ठरलं, तेच काम मी दुसऱ्याला शिकवायचं. मी शिकवलं. अगदी नीट शिकवलं. आणि त्यानंतर एकही गोष्ट आपणहून सांगितली नाही. विचारलं तेवढंच उत्तर. कुणाला बोट ठेवता येणार नाही अशा पद्धतीने मी दोन वर्षं काम केलं आणि मग निघालो.

ताई, अण्णांना 'बडी' वगैरे करू नका एवढंच.

---

सहकारी_बँकवाला

आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. सीनिऑरिटी लिस्ट लागलेली असते. ज्याचा नंबर त्याची बढती. बाहेरचा फक्त सीईओ येतो. आमच्या शाखेत एकदा संचालकांच्या ओळखीने बाहेरचा अधिकारी आला होता, त्याला कुणी चहासुद्धा विचारला नाही, सहा महिन्यांत गेला. तेव्हा टीमने असहकार केला तर तुमचे प्लांट हेड आपोआप ताळ्यावर येतील.

---

पेठी_पुणेकर

@सहकारी_बँकवाला, धागाकर्तीला तो माणूस टिकवायचाय. तुम्ही घालवायची कृती देताय.

ताई, माझा गंभीर सल्ला. अण्णांना 'डेप्युटी मॅनेजर' करा, आणि वर्षभर टिकले तर अमुक रक्कम असा रिटेन्शन बोनस बांधा. माणसाला मान आणि पैसा दोन्ही मिळालं की कुरकुर थांबते. आमच्या कंपनीत केलंय, चाललं.

---

भोसरीचे_आजोबा

पेठीकर, अर्धं बरोबर. पैसे द्याच, आणि त्यातले काही मागचे म्हणून द्या. फेब्रुवारीपासून माणूस दोन कामं करतोय आणि भत्ता नाही, हे थकलेलं देणं आहे. ते बोनस म्हणून नका देऊ, 'या काळात विभाग सांभाळल्याबद्दल' असं पत्रात लिहून, साहेब यायच्या आत द्या. नंतर दिलं की तेच पैसे तोंड बंद ठेवायचे पैसे वाटतात.

वर्षाने मिळणाऱ्या बोनसने माणूस वर्षभर थांबतो हे खरं. तो कामाला थांबतो की तारखेला, ते बोनस देणाऱ्याला कळत नाही.

आणि डेप्युटी हे पद मी तरी टाळीन. काम बदललं नाही आणि पाटी बदलली, तर टीमला अर्थ एकच लागतो: नवीन साहेबांना ओलांडून जायचा अधिकृत रस्ता उघडला. अण्णांना असं काहीतरी द्या जे पूर्णपणे त्यांचं असेल आणि ज्याचा निकाल दिसेल. उदाहरणार्थ, चालू ग्राहकाचं सगळं काम. जर्मन ग्राहक साहेबांचा.

---

गोदाकाठ

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. नाशिकहून पुण्यात मॅनेजर म्हणून आले तेव्हा मला कुणीच सांगितलं नव्हतं की टीममधला एक जण याच जागेसाठी थांबला होता. मला ते कळलं कॅन्टीनमधल्या मावशींकडून, महिन्याभराने. तोवर मी सकाळच्या मीटिंगचा तक्ता बदलला होता. माझ्या लेखी ते चार रकाने कमी करणं होतं. तो तक्ता त्याच माणसाने बसवलेला होता, आणि अख्ख्या विभागाच्या लेखी मी आल्या आल्या त्याच्यावर फुली मारली होती.

त्यामुळे, ताई, नवीन साहेबांना जॉईन होण्याआधी फोनवर सांगा. काय सांगायचं: अण्णा उमेदवार होते, त्यांना कधी आणि काय कारण सांगितलं गेलं, आणि आज विभागातल्या कुठल्या गोष्टी त्यांच्या हातच्या आहेत. काय नाही सांगायचं: त्यांच्याबद्दल वरच्यांनी काय शेरे मारले, त्यांचा पगार किती, ते जातील की राहतील याचे अंदाज. हे कानावर आलं की नवा माणूस अण्णांकडे पहिल्या दिवसापासून धोका म्हणून बघतो.

एक अभ्यासही सांगते. जे. आर. केलर आणि कॅथरिन डलुगोस यांचा २०२१ चा. एका मोठ्या अमेरिकन कंपनीत अंतर्गत जागांसाठी अर्ज करून नाकारल्या गेलेल्या लोकांचं पुढे काय झालं ते त्यांनी पाहिलं. ज्यांचा जागा भरणाऱ्या मॅनेजरने इंटरव्ह्यू घेतला होता ते नाकारल्यावर सोडून जाण्याचं प्रमाण, आधीच गाळल्या गेलेल्यांच्या निम्मं होतं. जागा बाहेरच्याला गेली की जाण्याचं प्रमाण जास्त. म्हणजे अण्णांचा तो चहावरचा इंटरव्ह्यू महागात पडणार.

---

हिंजवडी_रिटर्न

@गोदाकाठ, असहमत. माझा इंटरव्ह्यू झाला होता. रीतसर, तीन फेऱ्या. पॅनेलवरच्या एकाने नंतर सहज सांगितलं की ऑफर आधीच ठरली होती. असल्या नाटकापेक्षा चहा बरा.

---

गोदाकाठ

त्या अभ्यासात लेखक म्हणतात की इंटरव्ह्यूमुळे माणसाला 'पुढच्या वेळी आपली शक्यता आहे' असं वाटतं, म्हणून तो थांबतो. तुमच्या बाबतीत तेच खोटं निघालं. माझ्या मते आपण दोघं एकच सांगतोय, पण तुम्हाला पटणार नाही.

---

हिंजवडी_रिटर्न

नाही पटलं. :)

---

झणझणीत_तर्री

वाचनखूण साठवली. एक शंका. एप्रिलच्या इन्क्रिमेंटला टीमचं रेटिंग कोण देणार? आमच्याकडे नवीन मॅनेजर आला की सगळ्यांना पहिली धास्ती हीच असते. अण्णांच्या दुःखात टीम सहभागी आहे वगैरे ठीक, पण निम्म्या लोकांना स्वतःची पडलेली असते. अण्णांनी रात्री थांबवून घेतलं, त्यांनी मनात नोंद ठेवली, आता ती नोंद कुणाकडे?

---

भोसरीचे_आजोबा

तर्री, लाख बोललात. यावर उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे. साहेब येण्याआधी अण्णांनी प्रत्येकाच्या आतापर्यंतच्या कामाची अर्धा पान नोंद लिहायची, त्या त्या माणसाला वाचून दाखवायची, आणि एचआरकडे द्यायची. एप्रिलमध्ये रेटिंग साहेब देतील, पण आधीच्या महिन्यांसाठी ही नोंद धरावी लागेल. टीमला हे शुक्रवारच्या बैठकीतच सांगा. अर्धी कुजबुज तिथेच संपते.

यात अण्णांनाही कळतं की त्यांनी सांभाळलेला काळ कागदावर धरला गेला.

---

चाकण_एचआर

सगळ्यांचे आभार. थोडं झालं, थोडं नाही.

प्लांट हेड बुधवारी अण्णांशी बोलले. मी सोबत नव्हते. कारण एकच सांगितलं, ऑडिटचं. अण्णांनी विचारलं, "मला त्या ट्रेनिंगला का नाही पाठवलं?" यावर उत्तर नव्हतं. प्लांट हेडनी तसं कबूल केलं, हे मला बरं वाटलं. भत्त्याचं पत्र निघालं. अधिकारांचा कागदही झाला, पण पोर्टलचा मेल "दोघांनाही" असाच राहिला, कारण ग्राहकाकडे नाव बदलायला वेळ लागतो म्हणे. रेटिंगच्या नोंदी अण्णांनी लिहिल्या, सुंदर लिहिल्यात.

साहेब जॉईन झाले. माणूस शांत आहे. गोदाकाठताईंनी सांगितलं तसं आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं.

आणि मग दुसऱ्या आठवड्यात हे झालं. रात्री साडेअकराच्या सुमारास हाउसिंगच्या बोअरमध्ये माप सरकल्याचं दिसलं. ४२ चा बोअर, एच-सात, म्हणजे वरची हद्द ४२.०२५. पाच तुकडे तपासले, त्यात दोन ४२.०२९. शेवटच्या बरोबर निघालेल्या तपासणीपासूनचे ६४० तुकडे संशयित, आणि पहाटे पाचची गाडी. सुपरवायझरने सवयीने अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, "साहेबांना विचारा," आणि फोन ठेवला. साहेबांनी सांगितलं, सगळा लॉट थांबवा, सकाळी बघू. गाडी गेली नाही. ग्राहकाची लाईन बंद पडता पडता राहिली, वरून फोन आले.

आता प्लांटमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो अण्णांनी मुद्दाम केलं. दुसरा म्हणतो, तुम्हीच कागद केलात ना, त्यांनी तो पाळला. मला खरंच कळत नाहीये.

---

पेठी_पुणेकर

मुद्दाम केलं. यात कळायचं काय आहे?

---

हिंजवडी_रिटर्न

कागद पाळला. आणि मुद्दामही केलं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, मी दोन वर्षं तेच केलंय.

---

कांदेपोहे_कोथरूड

मला त्या मापातलं काही कळत नाही, पण चार मायक्रॉनसाठी गाडी थांबवतात? माल देऊन टाकायचा ना.

---

भोसरीचे_आजोबा

@कांदेपोहे, नाही द्यायचा. मापाबाहेरचा तुकडा ग्राहकाच्या मंजुरीशिवाय पाठवायचा अधिकार अण्णांना नाही, साहेबांना नाही, प्लांट हेडनाही नाही. साहेबांनी थांबवलं ते नियमाने बरोबरच.

पण ताई, हाच फोन पूर्वी आला असता तर अण्णांनी काय केलं असतं, हे त्यांना विचारलंत का? मी न विचारता सांगतो. एअर गेज लावून रात्रीच ६४० तुकडे शंभर टक्के तपासायला दोन माणसं बसवली असती. एक तुकडा दहा-पंधरा सेकंदांचं काम, म्हणजे दोन गेज असतील तर दीड तासाच्या आत उरकतं. चांगले निघालेले गाडीत, मापाबाहेरचे लाल पेटीत. आणि दरम्यान ग्राहकाकडच्या इंजिनिअरला रात्रीच फोन: "माल कमी येतोय, कारण असं आहे, सकाळी मेल करतो." तो इंजिनिअर रात्री बाराला अण्णांचा फोन उचलतो. नवीन साहेबांचा उचलणार नाही, कारण नंबरच ओळखीचा नाही.

तुम्ही सही हस्तांतरित केलीत. तो फोन हस्तांतरित केला नाहीत. त्यात अण्णांची चूक मी तरी शोधणार नाही.

आता काय करायचं. पहिलं, या आठवड्यात अण्णा आणि साहेब दोघं ग्राहकाच्या प्लांटमध्ये जाऊ देत. मेलवर ओळख करून देऊ नका, प्रत्यक्ष जा, लाईनवर उभे राहा, आणि अण्णांनी स्वतः सांगायचं की अमुक तारखेनंतर रात्रीचा फोन यांचा येईल. दुसरं, तोवर रात्रीचा फोन साहेबांना, पण साहेबांनी लगेच अण्णांना त्याच कॉलवर घ्यायचं. सुपरवायझर तिघांचं बोलणं ऐकतो. निर्णय साहेब बोलून दाखवतात. असे चार-पाच फोन झाले की साहेबांना प्लांट कळतो आणि सुपरवायझरला कळतं की दोघांत फट नाही. तिसरं, तो पोर्टलचा मेल. "वेळ लागतो" हे कारण मान्य करू नका.

उपयोग होतोय की नाही ते कुणाला न विचारता कळतं. डेव्हिएशनच्या रजिस्टरमध्ये बघा, विनंती किती वाजता लिहिली आणि साहेबांना कळवल्याची वेळ काय. दोन्हींत तासन्तास अंतर असेल तर मधल्या वेळेत कुणीतरी अण्णांना विचारत होतं. आणि रजिस्टर अचानक रिकामं दिसायला लागलं तर खूश होऊ नका, प्रश्न तोंडी मिटवले जातायत असा त्याचा अर्थ.

---

गोदाकाठ

आजोबांना +१. एक जोडते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नव्या मॅनेजरसाठी एक बैठक घ्यायची पद्धत होती, मी ती दोनदा अनुभवली. सुरुवातीला मॅनेजर स्वतःची ओळख करून देतो आणि खोलीबाहेर जातो. मग त्रयस्थ माणूस टीमला विचारतो: यांच्याबद्दल काय माहीत आहे, काय माहीत नाही, कशाची काळजी वाटते, यांना काय सांगायचंय. नाव न लिहिता फळ्यावर येतं. मॅनेजर परत आला की एकेका प्रश्नाला उत्तर देतो. तुमच्याकडे ते ताई तुम्ही घेऊ शकता, दोन-तीन तासांचं काम आहे.

आमच्या फळ्यावर पहिलाच प्रश्न आला होता: "तुम्ही तुमची जुनी माणसं आणणार का?" मी नाही म्हटलं, आणि पाळलं.

---

झणझणीत_तर्री

पण मराठी माणूस फळ्यावर बोलतो का? आमच्याकडे सगळे "सर काही प्रॉब्लेम नाही" म्हणतील आणि बसमध्ये बसल्यावर सुरू होतील.

---

गोदाकाठ

म्हणूनच चिठ्ठ्या. आणि एचआरने अक्षर ओळखायचा प्रयत्न करायचा नाही.

---

भोसरीचे_आजोबा

चिठ्ठ्या चालतील, पण अण्णा त्या खोलीत असावेत का, यावर माझं मत पक्कं नाही. असले तर लोक त्यांच्या चेहऱ्याकडे बघून लिहितात. नसले तर 'त्यांना बाहेर ठेवलं' होतं. मी एकदा दोन गट करून घेतलं होतं, तेही फारसं जमलं नाही.

---

चाकण_एचआर

आज अण्णांशी बोलले. आजोबांनी सांगितलं तसंच विचारलं, "फोन तुम्ही घेतला असता तर काय केलं असतं?" एअर गेज, दोन माणसं, ग्राहकाला फोन. अगदी त्याच क्रमाने. मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं? म्हणाले, "त्यांनी विचारलं नाही. आणि मी सांगितलं असतं तर म्हणाले असते, अजून यालाच मॅनेजर व्हायचंय."

यावर मी काय बोलणार?

ग्राहकाकडची भेट मंगळवारी ठरली आहे, दोघं एकाच गाडीने जाणार. साहेबांनी स्वतः अण्णांच्या टेबलाशी जाऊन विचारलं, मला सांगावं लागलं नाही. पोर्टलवर नाव बदलायची विनंती आज गेली. व्हीडीए ट्रेनिंगसाठी अण्णांचं नाव प्लांट हेडनी टाकलंय, पण तारीख जानेवारीची आहे.

आणि हो, बसमध्ये असं ऐकतेय की अण्णा परवा रांजणगावला एका कंपनीत जाऊन आले. खरं-खोटं माहीत नाही. प्लांट हेडना सांगावं का?

---

पेठी_पुणेकर

लगेच सांगा. आणि रिटेन्शन बोनस! मी आधीच म्हणालो होतो.

---

हिंजवडी_रिटर्न

सांगू नका. माणूस इंटरव्ह्यू देऊन आला म्हणजे गेला असं नाही. मी निघायच्या आधी चार ठिकाणी देऊन आलो होतो, त्यातले तीन फक्त आपली किंमत काय ते बघायला. वरच्यांना कळलं की ते त्यांना 'गेलेला माणूस' समजून वागवायला लागतात, मग तो जातोच.

---

भोसरीचे_आजोबा

बसमधलं ऐकीव वरती नेऊ नये, इतपत हिंजवडीकरांशी सहमत. पण एक गोष्ट अण्णा राहोत वा जावोत करावीच लागेल. त्यांच्या डोक्यात जे आहे, कुठल्या मशीनवर कुठल्या मोसमात माप सरकतं, कुठला गेज कधी दगा देतो, ते आज कुणाकडेच लिहिलेलं नाही. ते लिहून घ्यायला साहेबांना लावू नका, केटीसारखं वाटेल. चालू ग्राहकाचं काम अण्णांचं केलं असेल तर त्यांना एक ज्युनिअर द्या आणि त्याला तयार करणं हे त्यांच्या कामात लिहा.

मंगळवारी काय झालं ते कळवा. आणि दोघांना जाताना ग्राहकाकडच्या त्या रात्रीच्या इंजिनिअरची पाळी बघून पाठवा. सकाळी गेले आणि तो रात्रपाळीला असला तर नुसताच चहा होईल.

---

चाकण_एचआर

अरे हो, हे बघितलंच नव्हतं. आत्ता विचारते.